मुलीचे डोळे, जबडा आणि हसू कोणावर गेले आहे, हे फोटोंवरून कसे ठरवावे?

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सासरचे म्हणतात, डोळे थेट बाबांचे. माझ्या आईला तिचे हसू माझ्यासारखे वाटते. तिच्या बाबांची हनुवटी जरा पुढे आहे, मुलीची अजिबात नाही, म्हणून जबडा माहेरचा असे सगळेच धरून चालले आहेत. आम्हा दोघांचे लहानपणचे थोडे फोटो आहेत. त्यांवरून हे नीट ठरवता येते का?

उत्तर: डोळ्यांबद्दल बऱ्यापैकी ठरवता येते, हसण्याबद्दल त्याचे दोन भाग वेगळे केले तर ठरवता येते, आणि जबड्याबद्दल नवव्या वर्षी काहीच ठरवता येत नाही. मी दातांची आणि जबड्यांची ठेवण सुधारणारा डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. मुलाच्या जबड्याची वाढ पुढे कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज बांधण्यासाठी मी आईवडिलांचे जुने फोटो नेहमी मागवून घेतो. त्यामुळे फोटो शेजारी ठेवून पाहण्याचे काम रोजच्या सवयीचे आहे, आणि त्यात नजर कुठे फसते हेही माहीत आहे.

पहिली फसगत फोटो हातात घेण्याआधीच झालेली असते. इटलीतील पाओला ब्रेसान आणि मारिया दाल मार्तेल्लो या संशोधिकांनी २००२ साली दाखवून दिले की, समोरच्या दोन फोटोंतील माणसे पालक आणि मूल आहेत असे सांगितले, की नाते नसलेल्या जोड्यांतही लोकांना साम्य दिसू लागते. नाते माहीत असलेली नजर साम्य शोधत राहते आणि फरक नजरेआड करते. म्हणून घरातल्या कोणाचेही मत, अगदी तुमचे स्वतःचेही, मी पुरावा मानणार नाही. ते मत फक्त कुठे पाहायचे एवढे सुचवते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. मुलीचा फोटो बाजूला ठेवा आणि आधी तुमचा आणि तिच्या बाबांचा फोटो एकमेकांशी ताडून पाहा. जी गोष्ट तुम्हा दोघांत सारखीच आहे, ती मुलीकडे कोणाकडून आली या प्रश्नाला उत्तर नसते. दोघांचेही डोळे मोठे आणि काळेभोर असतील, तर मुलीचे मोठे काळेभोर डोळे ना सासरचे ना माहेरचे. आपल्याकडे लग्ने बहुधा जातीत, ओळखीपाळखीत आणि काही समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरातही होतात, त्यामुळे नवराबायकोच्या चेहऱ्यांत असा सारखेपणा पुष्कळ सापडतो. जिथे तुम्ही दोघे स्पष्टपणे वेगळे आहात, तेवढ्याच खुणांची यादी करा. ती तीन-चार ओळींच्या पुढे सहसा जात नाही, आणि ती तेवढीच असावी.

आता मुख्य मुद्दा. चेहऱ्याचे सगळे भाग एकाच वेगाने वाढत नाहीत. काही भाग लहानपणीच पूर्ण मापाचे होतात आणि काही विशीपर्यंत बदलत राहतात. पूर्ण मापाच्या भागांची तुलना मूल आणि मोठे माणूस यांच्यात सरळ करता येते, पण वाढणाऱ्या भागांची तुलना त्याच वयाच्या फोटोशीच करावी लागते. नऊ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर पूर्ण मापाच्या, फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक डोळ्याचे बुबुळ आणि दुसरी वरचे मधले दोन पटाशीचे दात.

बुबुळाची आडवी रुंदी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत जवळजवळ मोठ्या माणसाएवढी होते आणि ती बहुतेक माणसांत साडेअकरा ते बारा मिलिमीटरच्या आसपास असते. माणसामाणसांत ती इतकी कमी बदलते की, फोटोत फूटपट्टी नसली तरी बुबुळच फूटपट्टीचे काम करते. दोन्ही फोटो संगणकावर किंवा फोनवर उघडा आणि दोघांच्या बुबुळांची रुंदी पडद्यावर सारखी येईल इतके लहानमोठे करा. गडद तपकिरी डोळ्यांत बाहुली वेगळी दिसत नाही, पण त्याची गरजही नाही. पांढऱ्या भागापासून पांढऱ्या भागापर्यंत बुबुळाची आडवी कड स्पष्ट हवी, एवढेच. उभी रुंदी मोजू नका, कारण वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग नेहमी झाकते. एवढे केले की दोन्ही चेहरे एका मापावर येतात. नाहीतर, ज्याचा फोटो मोठा छापला आहे त्याचे डोळेही मोठे वाटत राहतात.

फोटो कोणते घ्यायचे, यावरही बरेच अवलंबून आहे. हात लांब करून काढलेला सेल्फी या कामाला चालत नाही, कारण कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ असतो की नाक आणि चेहऱ्याचा मधला भाग फुगलेला दिसतो, जबड्याच्या कडा आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. मुलीचा फोटो निदान दीड मीटर अंतरावरून, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून, थोडे झूम करून काढा. बाबांचा जुना स्टुडिओतला फोटो अल्बमच्या प्लास्टिकमधून तिरका टिपू नका. तो बाहेर काढून स्कॅन करा. हनुवटी खाली झुकवली की डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर चढल्यासारखे दिसतात आणि मान वर केली की उलट, म्हणून दोन्ही फोटोंत डोके साधारण सारख्याच स्थितीत असेल याची खात्री करा. कान आणि डोळे यांची एकमेकांच्या तुलनेत उंची पाहिली की हे कळते.

आणखी एक गोष्ट. काही फोन समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवतात, आणि जुने फोटोही कधीकधी निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले सापडतात. हसताना एका बाजूचा ओठ जास्त वर जाणे, एक भुवई वर असणे, हनुवटी किंचित एका बाजूला असणे, या खुणा कुटुंबात उतरलेल्या दिसतात. पण फोटो उलटा असेल तर डावे-उजवे बदलून सगळा निष्कर्ष चुकतो. मुलाच्या शाळेच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर आहे ना, पाटीवरची किंवा बिल्ल्यावरची अक्षरे सरळ वाचता येतात ना, हे आधी पाहा.

डोळ्यांत काय पाहावे? रंगावर फार भर देऊ नका. घारे किंवा मांजरासारखे हिरवट डोळे घरात असतील तर ती मोठी खूण आहे, पण तपकिरी रंगाच्या छटा उजेडाप्रमाणे बदलतात आणि जुन्या रंगीत छपाईत तर त्यांवर विसंबताच येत नाही. मी चार गोष्टी पाहतो. वरच्या पापणीची घडी किती उंचावर आहे आणि ती आतल्या कोपऱ्यापर्यंत उघडी दिसते की मध्येच कातडीखाली लपते. आतल्या आणि बाहेरच्या कोपऱ्यांना जोडणारी रेषा सपाट आहे की बाहेर चढती आहे. खालच्या पापणीचा सर्वांत खोल भाग बुबुळाखाली आहे की त्याच्या बाहेरच्या बाजूला. आणि भुवई डोळ्याच्या हाडावर नेमकी कुठून सुरू होते. यांपैकी पापणीची घडी मला सर्वांत भरवशाची वाटते. मात्र अगदी लहान बाळाच्या फोटोत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची एक घडी असते आणि नाकाचा पूल वर आला की ती नाहीशी होते, म्हणून बाळाचे फोटो डोळ्यांसाठी वापरू नका. मोठ्या माणसाचा चाळिशीनंतरचा फोटोही टाळा, कारण तोवर पापणी सैल होऊन घडी झाकली गेलेली असते.

डोळ्यांना मी एवढे महत्त्व देतो त्याला आधार आहे. दाल मार्तेल्लो आणि लॉरेन्स मेलोनी यांनी २००६ साली मुलांच्या चेहऱ्यांचे वेगवेगळे भाग झाकून लोकांना भावंडे ओळखायला लावली, तेव्हा चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकल्याने ओळखण्यात फारसा फरक पडला नाही, वरचा अर्धा भाग झाकल्यावर मात्र बराच पडला. माझ्या अनुभवाशीही हे जुळते. मुलाचा खालचा चेहरा पुढे इतका बदलतो की त्यावरून नाते हेरण्याची सवय नजरेला लागतच नसावी.

आता हसणे. घरात ‘हसू आईचे’ असे म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलल्या जातात. एक म्हणजे हसताना दिसणारे दात आणि दुसरी म्हणजे ओठांची हालचाल. या दोन्ही वेगवेगळ्या पालकांकडून येऊ शकतात आणि पुष्कळदा तशाच येतात.

दातांचे काम सोपे आहे. वरचे मधले दोन कायमचे पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि येतात तेच पूर्ण मापाने, कारण दाताचा दिसणारा भाग हिरडीतून बाहेर येण्याआधीच तयार झालेला असतो. लहान चेहऱ्यात ते फावड्यासारखे मोठे वाटतात ते याचमुळे, नंतर चेहरा वाढतो आणि ते शोभू लागतात. ते कायमचे आहेत की दुधाचे, हे कडेवरून ओळखता येते. नुकत्याच आलेल्या कायमच्या दाताच्या कडेला बारीक तीन उंचवटे असतात आणि ते पुढे झिजून कड सरळ होते. बुबुळाचे माप सारखे केलेल्या फोटोंत मुलीच्या एका मधल्या दाताची रुंदी मोजा आणि ती बुबुळाच्या रुंदीने भागा. सरासरी माणसात दात बुबुळाच्या पाऊणपटीहून किंचित कमी भरतो. आकारही पाहा. दात हिरडीकडे निमुळता होत जातो, की चौकोनी आहे, की कडा गोलसर आहेत. मधल्या दोन दातांतील फट मात्र नवव्या वर्षी धरू नका. या वयात बहुतेक मुलांचे पुढचे दात पंख्यासारखे फाकलेले असतात आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले की फट आपोआप मिटते. बाबांच्या दातांत आजही फट असेल आणि मुलीच्या सुळ्यांनंतरही ती राहिली, तरच ती खूण.

ओठांची हालचाल एका फोटोत पकडता येत नाही. फोटोग्राफरने ‘हस’ म्हटल्यावर केलेले हसू सगळ्यांचे थोडे एकसारखेच असते. लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या व्हिडिओतील बेसावध क्षण काढा आणि हसू सुरू होतानाची चौकट शोधा. काहींचे ओठांचे कोपरे आधी वर आणि बाहेर जातात, काहींचा वरचा ओठ मध्यभागी आधी उचलला जाऊन सुळे आणि हिरडी दिसते, तर काहींचे वरचा आणि खालचा असे दोन्ही ओठ एकदम उघडतात. हा क्रम फार बदलत नाही. इस्रायलमधील हैफा विद्यापीठाच्या गिली पेलेग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली जन्मांध व्यक्तींच्या चेहऱ्यावरील हालचाली त्यांच्या नातेवाइकांशी ताडून पाहिल्या, आणि ज्यांनी आपल्या घरच्यांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता त्यांच्या हालचालीही घरच्यांशी जुळताना दिसल्या. म्हणजे मूल आईकडे बघून तिच्यासारखे हसायला शिकते, एवढ्यावर हे साम्य संपत नाही. हिरडी किती दिसते हे मात्र वयाशी बांधलेले आहे. लहानपणी वरचा ओठ आखूड असतो आणि वयाबरोबर तो खाली येतो, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीची हिरडी दिसते आणि चाळिशीच्या आईची दिसत नाही, यावरून हसू वेगळे ठरत नाही. गालावरच्या खळीचेही तसेच आहे. काही मुलांची खळी बाळसे उतरले की जाते, म्हणून तिची तुलना त्याच वयाच्या फोटोशी करावी.

जबड्याबद्दल मात्र थांबा. खालचा जबडा हा चेहऱ्यातील सर्वांत उशिरा वाढणाऱ्या भागांपैकी आहे. लहान मुलांचा चेहरा बाजूने पाहिला तर तो पुढे फुगीर आणि हनुवटी मागे असाच असतो. मुलींमध्ये वाढीचा जोर साधारण दहा ते बाराव्या वर्षी येतो, मुलांत त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, आणि मुलग्यांचा खालचा जबडा विशीच्या आसपासही थोडा वाढत असतो. म्हणून तुमच्या मुलीची हनुवटी आज मागे आहे, याचा अर्थ तिच्याकडे बाबांचा जबडा आला नाही असा होत नाही. त्यांची स्वतःची हनुवटी नवव्या वर्षी कशी होती ते पाहा. बाजूने काढलेला तो फोटो घरात बहुधा नसतो, पण तिसरी-चौथीच्या वर्गाच्या सामूहिक फोटोत किंवा मुंजीच्या फोटोत चेहरा वळलेला सापडू शकतो.

मुलीच्या जबड्याची तुलना वडिलांशी करण्यात दुसरी अडचण अशी की पुरुषाचा जबडा वयात आल्यावर वेगळाच रुंदावतो, आणि दाढी असेल तर त्याची रेषा दिसतही नाही. त्यामुळे मी बाबांऐवजी आत्याचा फोटो मागतो. तीच चेहरेपट्टी स्त्रीच्या चेहऱ्यावर कशी उतरली आहे हे आत्याच्या आणि आजीच्या फोटोत दिसते. मुलगा असेल आणि प्रश्न आईच्या बाजूचा असेल, तर त्याच कारणासाठी मामाचा फोटो.

पुढे आलेला खालचा जबडा घराण्यात उतरतो हे युरोपातील हाब्सबुर्ग राजघराण्याच्या चित्रांतून जगाला परिचित आहे. चित्रकार वेलास्केसने रंगवलेला स्पेनचा राजा चौथा फिलिप आणि नंतरच्या चित्रकारांनी रंगवलेला फिलिपचा मुलगा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) ही बापलेकाची जोडी त्यात सर्वांत ठळक. पण त्या घराण्यात मामा-भाचीसारखी जवळच्या नात्यातली लग्ने पिढ्यान्पिढ्या झाली होती, त्यामुळे तिथे जे इतके ठळक दिसले ते सामान्य कुटुंबात त्याच प्रमाणात दिसेल असे धरू नये.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी नऊ वर्षांची, घरचे म्हणणे जवळजवळ तुमच्यासारखेच. आधी आईवडिलांचे फोटो ताडले, तेव्हा डोळ्यांची चढती रेषा आणि भुवया दोघांच्या सारख्याच निघाल्या, म्हणजे ‘डोळे बाबांचे’ म्हणण्याचे निम्मे कारण गळून पडले. फरक होता तो पापणीच्या घडीत. आईची घडी उंच आणि पूर्ण उघडी, वडिलांची घडी खाली आणि आतल्या कोपऱ्याशी लपलेली. मुलीची घडी दोन्ही डोळ्यांत वडिलांसारखी होती. दातांत, बुबुळाची रुंदी १०० मानली, तर आईचा मधला दात ७१, वडिलांचा ८० आणि मुलीचा ७९ भरला. फोनवरच्या फोटोत असे माप दोन-तीनने इकडेतिकडे होतेच, पण इथला फरक त्याहून बराच मोठा होता, आणि दाताचा चौकोनी आकारही वडिलांचाच होता. व्हिडिओत मात्र वरचा ओठ आधी मधून उचलला जाण्याची पद्धत हुबेहूब आईची होती. म्हणजे आजीला जे आईचे हसू वाटत होते ते ओठांपुरते खरे होते, त्या ओठांआडचे दात वडिलांचे होते. जबड्याच्या जागी मी काहीच लिहिले नाही. त्या वेळी हनुवटी मागे होती. तीच मुलगी पंधराव्या वर्षी आली तेव्हा हनुवटी चांगली पुढे आली होती आणि बाजूची रेषा आत्याच्या कॉलेजच्या फोटोशी जुळत होती.

स्वतःचा निष्कर्ष तपासायचा असेल तर त्रयस्थांना विचारा. मुलीच्या डोळ्यांचा भाग तेवढा कापून घ्या. त्याशेजारी चार पुरुषांचे, साधारण एकाच वयाचे आणि सारख्याच उजेडातले डोळे ठेवा, त्यांत एक बाबांचे. कुटुंबाला न ओळखणाऱ्या बारा जणांना यांतील वडील कोणते ते विचारा. निव्वळ अंदाजाने सरासरी तिघे बरोबर सांगतील. चार-पाच जणांनी बरोबर सांगितले तर ते अंदाजाच्या कक्षेतलेच आहे, सात किंवा अधिक जणांनी सांगितले तर साम्य खरे मानायला हरकत नाही. तुमच्या फोटोंसाठी हेच चार स्त्रियांचे डोळे ठेवून वेगळे करा. इतर तिघे वेगळ्या प्रांतातले किंवा वेगळ्या वर्णाचे निवडले तर चाचणी आपोआप सोपी होते आणि तिला अर्थ उरत नाही.

या सगळ्यातून साम्य कळते, नाते सिद्ध होत नाही. वरच्या सगळ्या खुणा अनेक जनुकांच्या मिळून होतात, सख्ख्या मुलातही त्या दिसल्या नाहीत असे सर्रास घडते, आणि परक्यातही त्या योगायोगाने जुळतात. कोणी असे फोटो पितृत्वाच्या शंकेसाठी वापरू पाहत असेल, तर त्याला मी स्पष्ट नकार देतो. त्या प्रश्नाचे उत्तर फक्त डीएनए तपासणी देते.

तुमच्या बाबतीत मी असे सुचवेन. डोळे आणि दात आजच ताडून पाहा. जबड्यासाठी दर वाढदिवसाला मुलीचा बाजूने एक फोटो काढा, दात नेहमीप्रमाणे मिटलेले, ओठ सैल, नजर समोर, अंतर दरवर्षी तेवढेच, आणि सोळाव्या वर्षापर्यंत तो क्रम मोडू नका. मात्र बाबांची हनुवटी पुढे आहे हे तुम्ही लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट आत्ताच पाहा. मुलीला मागच्या दाढा घट्ट मिटायला सांगा आणि ओठ बाजूला करा. वरचे पुढचे दात खालच्यांच्या बाहेर असायला हवेत. ते खालच्यांच्या आत जात असतील किंवा कडेला कड लागत असेल, तर या महिन्यातच ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा. वरचा जबडा मागे राहिल्यामुळे तसे होत असेल, तर तो बाहेरून मास्क लावून पुढे आणण्याचा उपचार साधारण दहाव्या वर्षापर्यंत चांगला लागू पडतो, पुढे त्याचा परिणाम कमी होत जातो. जाताना बाबांचा आणि आत्याचा फोटो सोबत न्या.